पत्रकात G रोज प्लसमध्ये आहे, मग ग्राहकांचे पैसे शाबूत आहेत असं लिहायचं का?

प्रश्न: "सर, पहिल्यांदाच एका शेअर ब्रोकरचं सहामाही इंटर्नल ऑडिट करतोय. त्यांच्या सॉफ्टवेअरमधून जे पत्रक निघतं त्यात G रोज प्लसमध्ये आहे, बँक खात्यांची नावंही नियमाप्रमाणे आहेत. मग क्लायंटचे पैसे वेगळे ठेवलेत असं लिहून सही करायला हरकत नाही ना? सेटलमेंट अकाउंट आणि मार्जिन यांत नेमकं काय बघायचं तेही नीट कळत नाहीये."

उत्तर:

इतक्यात सही करू नका. G म्हणजे ग्राहकांसाठी हाताशी असलेल्या पैशांतून त्यांचं देणं वजा जाता उरणारा आकडा. ते पत्रक ब्रोकरने स्वतःच्या आकड्यांवर बनवलेलं आहे. त्यातली बेरीज-वजाबाकी सॉफ्टवेअर सहसा चुकवत नाही, चुकतात ते आत घातलेले आकडे. तुमचं काम आहे ते पत्रक बाहेरच्या कागदांवरून नव्याने मांडणं. बाहेरचे कागद म्हणजे बँकेकडून थेट आलेलं स्टेटमेंट, बाजारातले सौदे पुरे करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं कोलॅटरल म्हणजे तारणाचं स्टेटमेंट, आणि तुम्ही समोर बसून काढायला लावलेला ग्राहकांचा ट्रायल बॅलन्स. मी हे कसं करतो ते एका प्रत्यक्ष कामातून सांगतो. फर्म ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण जे घडलं ते तसंच आहे.

आधी सूत्र डोक्यात पक्कं करा. ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे हा नियम सेबीने नोव्हेंबर 1993 च्या परिपत्रकात घातला. त्या खात्यातून पैसे कशासाठी काढता येतात हेही तिथेच सांगितलं आहे: ग्राहकाला किंवा ग्राहकाच्या वतीने द्यायला, ग्राहकाकडून ब्रोकरला येणं असलेल्या रकमेसाठी, किंवा चुकून आत आलेले पैसे परत काढायला. पण वेगळं खातं असणं आणि त्या खात्यात पुरेसे पैसे असणं या दोन गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट मोजायची रीत सप्टेंबर 2016 च्या वाढीव देखरेखीच्या परिपत्रकाने दिली:

```
G = (A + B) - C
```

A म्हणजे ग्राहकांच्या सगळ्या बँक खात्यांत, सौद्यांचे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनशी देण्या-घेण्याच्या सेटलमेंट खात्यासकट, असलेली शिल्लक. B म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे किंवा क्लिअरिंग मेंबरकडे रोख आणि रोखीसमान स्वरूपात ठेवलेलं कोलॅटरल. C म्हणजे ज्या ग्राहकांची ब्रोकरकडे जमा शिल्लक आहे त्या सगळ्यांची बेरीज. साध्या शब्दांत, ग्राहकांना आज जेवढं देणं आहे तेवढं आज हाताशी आहे का, एवढाच प्रश्न आहे. G वजा आला तर कुणाचे तरी पैसे दुसरीकडे गेले आहेत. किती दुसरीकडे गेले हे कळायला D लागतो, म्हणजे ज्यांच्याकडून ब्रोकरला येणं आहे त्या ग्राहकांची नावे शिल्लक. त्याकडे पुढे येऊ.

2023 पासून अपस्ट्रीमिंगचा नियम आल्यावर चित्र थोडं बदललं. दिवसअखेर ग्राहकांचे मोकळे पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पाठवायचे असतात: रोख, ग्राहकांच्या पैशांतून केलेल्या मुदत ठेवीवर लियन म्हणजे तारणाचा हक्क देऊन, किंवा ओव्हरनाइट म्युच्युअल फंडाची युनिटं तारण ठेवून. ग्राहकाकडून पैसे ज्या खात्यात येतात त्याच्या नावात `USCNB` असतं आणि ज्यातून ग्राहकाला परत जातात त्याच्या नावात `DSCNB`. त्यामुळे हल्ली A छोटा असतो आणि सगळं वजन B वर येतं. म्हणून सध्याच्या ऑडिटमध्ये माझा निम्म्याहून जास्त वेळ B वर जातो. जुन्या सवयीने बँक स्टेटमेंटच तेवढं बघणारे ऑडिटर इथे फसतात.

आता ते काम. साधारण साडेसहा हजार ग्राहकांचा ब्रोकर, एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीचं ऑडिट. मॅनेजरनी 30 सप्टेंबरचं पत्रक छापून, फाइलला लावून तयार ठेवलं होतं. ते मी बाजूला ठेवलं आणि जुलैचा पहिला शुक्रवार निवडला. त्या दिवशी तिमाही रनिंग अकाउंट सेटलमेंट होतं, म्हणजे ग्राहकांचे पडून असलेले पैसे त्यांच्या बँक खात्यात परत करायचे होते. पैसे खरोखर बाहेर काढावे लागतात तो दिवस सगळ्यात बोलका असतो. तारीख तुम्ही निवडा, आणि ती आधी सांगू नका.

त्या शुक्रवारचं ब्रोकरचं पत्रक असं होतं: A 3.10 कोटी, B 21.40 कोटी, C 24.20 कोटी. म्हणजे G अधिक 30 लाख. नावे शिल्लक, D, 1.20 कोटी. सगळं सुरळीत.

मी B पासून सुरुवात केली. 21.40 कोटींमध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे लियन असलेल्या चार मुदत ठेवी होत्या. ब्रोकरच्या लेजरमध्ये चारही होत्या, पावत्यांच्या प्रतीही फाइलला होत्या. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या पोर्टलवर मॅनेजरना माझ्यासमोर लॉगिन करायला लावून त्या तारखेचं कोलॅटरल स्टेटमेंट उतरवलं. त्यात तीनच ठेवी होत्या आणि एकूण कोलॅटरल 20.20 कोटी. 1.20 कोटींच्या चौथ्या ठेवीवरचं लियन दोन दिवस आधी, बुधवारी सुटलं होतं. ठेव मोडली होती आणि पैसे बँकेने ठेवीला जोडलेल्या खात्यात टाकले होते. ते जोडलेलं खातं ग्राहकांचं नव्हतं, ब्रोकरचं स्वतःचं होतं. लेजरमध्ये ठेव मोडल्याची एन्ट्री झालीच नव्हती, आणि सॉफ्टवेअर B चा आकडा लेजरमधून उचलत होतं. एन्ट्री न करणं एवढ्यानेच 1.20 कोटी पत्रकात जिवंत राहिले.

मुदत ठेवीबाबत आणखी दोन गोष्टी पावतीवरच बघायच्या. ग्राहकांच्या पैशांतली ठेव एक वर्ष एक दिवसाहून जास्त मुदतीची नसावी आणि मागितल्याक्षणी मोडता यायला हवी. शिवाय त्या ठेवीवर कुठलंही कर्ज, ओव्हरड्राफ्ट किंवा गॅरंटी घेतलेली नसावी. ही शेवटची गोष्ट पावतीवर दिसत नाही. त्यासाठी बँकेला लेखी पुष्टी मागा आणि ती थेट तुमच्या पत्त्यावर मागवा. ग्राहकांच्या पैशांवर बँक गॅरंटी काढण्याची जुनी पद्धत 1 मे 2023 पासून बंद आहे आणि जुन्या गॅरंट्या 30 सप्टेंबर 2023 पर्यंत गुंडाळायच्या होत्या. त्यानंतरच्या काळात अशी गॅरंटी B मध्ये दिसली तर तिथेच थांबा आणि ती कुणाच्या पैशांवर उभी आहे ते आधी शोधा.

मग A. तीन खाती होती: अपस्ट्रीमिंगच्या खात्यात 2.60 कोटी, सेटलमेंट खात्यात 44 लाख, डाउनस्ट्रीमिंगच्या खात्यात 6 लाख. बँकेच्या स्टेटमेंटशी तिन्ही जुळल्या. इथे बहुतेक जण समाधानाने टिक मारून पुढे जातात. मी त्या 6 लाखांवर अडलो. आज तिमाही सेटलमेंट, ग्राहकांना 85 लाख परत द्यायचे, लेजरमध्ये 85 लाखांच्या पेमेंट एन्ट्री आहेत, आणि ज्या खात्यातून ते जायचे त्यात रात्री 6 लाख? दिवसभरातल्या नोंदी बघितल्या. त्या खात्यातून त्या दिवशी ग्राहकांना एक रुपयाही गेला नव्हता. शुक्रवारी फक्त एन्ट्री झाल्या होत्या. बँकेत पेमेंटची फाइल मंगळवारी चढली, आणि तीसुद्धा मंगळवारी सकाळी खात्यात पैसे आल्यानंतर.

हे पत्रकात कसं लपलं ते नीट समजून घ्या, कारण हा प्रकार फार नेहमीचा आहे. A बँक स्टेटमेंटवरून घेतला जातो आणि C लेजरवरून. ग्राहकाला दिलेलं पण बँकेतून अजून न गेलेलं पेमेंट लेजरमध्ये वजा झालेलं असतं, बँकेत नाही. म्हणून C काढताना अशी न वटलेली पेमेंट परत मिळवायची असतात. उलट, ग्राहकाने दिलेला पण न वटलेला चेक लेजरमध्ये जमा दिसतो, बँकेत नाही, म्हणून तो C मधून वजा करायचा असतो. परिपत्रकातच हे सांगितलं आहे. या फर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी दुरुस्ती आपोआप होत होती आणि पहिली होतच नव्हती. म्हणजे ब्रोकरच्या सोयीची तेवढी होत होती. तुम्ही बँक मेळपत्रक घ्या आणि दोन्ही बाजूंच्या न वटलेल्या रकमा C मध्ये कुठे गेल्या ते बोट ठेवून विचारा. इथे C मध्ये 85 लाख वाढले.

C मध्ये आणखी एक गोष्ट निघाली. मी त्या दिवसाच्या सगळ्या जर्नल एन्ट्री काढल्या. बँकेशी संबंध नसलेल्या, एका ग्राहकाच्या कोडमधून दुसऱ्याच्या कोडमध्ये जाणाऱ्या एन्ट्री मी आधी वाचतो. त्या रात्री अशा चौदा एन्ट्री होत्या, मिळून 40 लाख. खाली शेरा होता "फॅमिली अ‍ॅडजस्टमेंट". सोमवारी त्याच चौदा एन्ट्री उलट्या केल्या होत्या. काकांच्या खात्यात जमा, पुतण्याच्या खात्यात नावे, आणि शुक्रवारच्या रात्रीपुरतं दोघांचं एकत्र करून टाकलेलं. एकाच ग्राहकाची रोखीच्या आणि डेरिव्हेटिव्हच्या विभागातली शिल्लक एकमेकांत वळवून निव्वळ धरणं ठीक आहे. दोन ग्राहकांची, मग ते एका घरातले का असेनात, अशी वळवता येत नाही. काकांनी दिलेले पैसे काकांचे. पुतण्याची उधारी भागवायला ते वापरले तर ज्या गोष्टीला हा सगळा नियम मनाई करतो तीच गोष्ट झाली, फक्त नात्यातल्या नात्यात. आम्ही त्यातल्या तीन ग्राहकांना फोन केले. एका काकांना अशी काही एन्ट्री झाल्याचं माहीतच नव्हतं.

या दुरुस्त्यांनंतर शुक्रवार असा दिसला. A तोच, 3.10 कोटी. B 20.20 कोटी. C 24.20 अधिक 85 लाख अधिक 40 लाख, म्हणजे 25.45 कोटी. G वजा 2.15 कोटी. पत्रकातले अधिक 30 लाख आणि हे वजा 2.15 कोटी यांत फरक 2.45 कोटींचा, आणि तो तीन साध्या गोष्टींनी झालेला: न केलेली एक एन्ट्री, न पाठवलेली एक फाइल आणि चौदा जर्नल.

आता D. जर्नल उलटवल्यावर नावे शिल्लक 1.20 कोटींवरून 1.60 कोटींवर गेली. 2.15 कोटींची तूट आणि 1.60 कोटींची ग्राहकांची उधारी समोरासमोर ठेवा. उधारीइतकी तूट असेल तर अर्थ असा की ज्यांचे पैसे जमा आहेत त्यांच्या पैशांतून ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांचे सौदे भागवले. तेही चालत नाही. पण तूट उधारीपेक्षा जास्त असेल तर तो वरचा भाग ब्रोकरने स्वतःसाठी वापरला असण्याची शक्यता समोर येते. इथे तो 55 लाख होता. रिपोर्टमध्ये हे दोन भाग वेगळे लिहा. मॅनेजमेंटचं पहिलं उत्तर नेहमी "ग्राहकांकडून येणं आहे, ते आलं की भरून निघेल" असं असतं, आणि ते उत्तर 1.60 कोटींना लागू पडतं, 55 लाखांना नाही. ते 55 लाख कुठे गेले ते ब्रोकरच्या स्वतःच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं: ठेवीचे 1.20 कोटी बुधवारी जमा, आणि गुरुवारी त्यातूनच फर्मच्या कर्जाचा हप्ता आणि पगार. म्हणून स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंटही मागा. "ते ऑडिटच्या कक्षेत नाही" असं कुणी म्हटलं तर शांतपणे सांगा की ग्राहकांच्या खात्याशी ज्या खात्याची देवाणघेवाण आहे ते कक्षेत आहे.

सेटलमेंट खात्याबद्दल तुम्ही विचारलंत. इथे एक असा प्रकार आहे जो ग्राहकांच्या खात्याचं स्टेटमेंट कितीही वाचलं तरी दिसत नाही, कारण त्यात ग्राहकांच्या खात्यातून काही काढलेलंच नसतं. ब्रोकर स्वतःचेही सौदे करत असेल तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्याचं आणि ग्राहकांचं मिळून एकच निव्वळ देणं किंवा येणं काढते. समजा, एका दिवशी ग्राहकांनी एकूण जास्त विकलं, त्यांना 18 लाख यायचे. ब्रोकरने स्वतः जास्त घेतलं, त्याला 80 लाख भरायचे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन सेटलमेंट खात्यातून निव्वळ 62 लाख घेईल. आता ब्रोकरने स्वतःच्या खात्यातून सेटलमेंट खात्यात 62 लाख टाकले तर बँकेत सगळं जुळतं. पे-इन, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडचा भरणा, झालं, कुठे कमतरता नाही. पण ग्राहकांचे 18 लाख आलेच नाहीत, ते ब्रोकरच्या खरेदीत जिरले. त्याने 80 लाख टाकायला हवे होते, म्हणजे 62 लाख पुढे गेले असते आणि 18 लाख ग्राहकांसाठी उरले असते.

हे पकडायला ऑब्लिगेशनची, म्हणजे देण्या-येण्याची, फाइल ग्राहक आणि प्रोप्रायटरी, म्हणजे ब्रोकरचे स्वतःचे सौदे, अशी वेगळी करून घ्या आणि पाच-सहा दिवस निवडून प्रोप्रायटरी पे-इनची रक्कम स्वतःच्या खात्यातून झालेल्या ट्रान्सफरशी लावा. रक्कम आणि तारीख, दोन्ही. वरच्या कामात सहा दिवसांपैकी दोन दिवस ट्रान्सफर निव्वळ रकमेची होती. अकाउंट्समधल्या मुलाला यात काही गैर आहे हे ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "सर, बँकेतून जेवढे जाणार तेवढेच तर टाकायचे ना?" फसवायचा हेतू नसतानाही ग्राहकांचे पैसे असे सरकतात, म्हणून हेतू शोधत बसू नका, आकडा लिहा.

आता मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ग्राहकाने आधी ठेवायची सुरक्षा रक्कम. 2 मे 2022 पासून प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याचं कोलॅटरल क्लिअरिंग कॉर्पोरेशनला वेगळं कळवावं लागतं. त्याआधी क्लिअरिंग कॉर्पोरेशनला ब्रोकरचा एकच ढीग दिसायचा आणि कुणाचे पैसे कुणाच्या सौद्याला टेकू देत आहेत हे कळायला मार्ग नव्हता. आता मार्ग आहे, पण वाटप ब्रोकरच कळवतो, म्हणून ते तपासायला हवं. त्या दिवसाची वाटपाची फाइल घ्या आणि ग्राहकांच्या लेजर शिलकीच्या शेजारी ठेवा. ज्याला वाटलेली रोख त्याच्या जमा शिलकीपेक्षा जास्त आहे असा प्रत्येक कोड बाजूला काढा. नमुना घेऊ नका, सगळे कोड लावा. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या कामात असे एकतीस कोड निघाले. एक जवळून बघा. ग्राहक ऑप्शन विकणारा, त्याच्या उघड्या सौद्यांना 7.80 लाख मार्जिन लागत होतं. त्याच्या नावाने 9 लाख रोख वाटलेली. लेजरमध्ये त्याची जमा शिल्लक 1.15 लाख. मॅनेजर म्हणाले, त्याचे शेअर तारण आहेत. डिपॉझिटरीचं तारणाचं स्टेटमेंट काढलं, तर हेअरकट, म्हणजे भाव पडण्याच्या धोक्यापोटी केलेली कपात, वजा जाता शेअरची किंमत 2.10 लाख भरली. म्हणजे त्याचे स्वतःचे सगळे मिळून 3.25 लाख, सौद्यांना हवे 7.80 लाख, आणि मधले 4.55 लाख दुसऱ्या कुणाचे तरी. त्या दिवसाच्या मार्जिन रिपोर्टिंगमध्ये मात्र या कोडपुढे पूर्ण मार्जिन गोळा झाल्याचं लिहिलं होतं.

यावर दुसरं उत्तर येतं: "ते 4.55 लाख आम्ही आमचे घातले." समजा घातले. मग दोन गोष्टी विचारा. ब्रोकरचे स्वतःचे पैसे त्या दिवशी कोलॅटरलमध्ये खरंच होते का? G वजा 2.15 कोटी असताना ते नसतात. आणि असते तरी, मार्जिन सौद्याआधी ग्राहकाकडून घ्यायचं असतं. ब्रोकरने भरलेलं मार्जिन ग्राहकाकडून गोळा झालं असं कळवणं हे चुकीचं रिपोर्टिंग आहे. म्हणजे उत्तर कुठलंही खरं मानलं तरी शेरा लिहावा लागतोच, फक्त कुठल्या मुद्द्याखाली एवढंच बदलतं.

मार्जिन तपासताना फक्त दिवसअखेर बघू नका. डिसेंबर 2020 पासून दिवसभरात किमान चार वेळा यदृच्छेने टिपलेल्या क्षणांपैकी सगळ्यात मोठं मार्जिनही बघितलं जातं. दुपारी ज्याचे सौदे मोठे होते आणि संध्याकाळी मिटले, त्याच्यासाठी दुपारी कुणाचे पैसे वापरले गेले हे दिवसअखेरच्या लेजरवरून कळणार नाही. अशा दोन-चार कोडसाठी ग्राहकाचे पैसे बँकेत किती वाजता आले ते बघा. स्टेटमेंटवर वेळ नसेल तर बँकेकडून वेळेसकट मागवा. दुपारी दोन वाजता मोजलेल्या मार्जिनसमोर संध्याकाळी साडेपाचला आलेले पैसे लावलेले मला एकाहून जास्त ठिकाणी सापडले आहेत.

वेळेचाच आणखी एक उपयोग आहे. स्वतःच्या खात्यातून रात्री साडेसातला ग्राहकांच्या खात्यात मोठी रक्कम आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला तेवढीच परत गेली, असं स्टेटमेंटमध्ये दिसलं तर ती रात्र पत्रकासाठी सजवलेली आहे. एकदा दिसलं तर चूक असू शकते. महिन्यात सहा वेळा दिसलं तर ती पद्धत आहे. म्हणून मी एका निवडलेल्या महिन्यातल्या प्रत्येक कामाच्या दिवसाचा G स्वतः मांडतो, फक्त निवडलेल्या तारखेचा नाही. सगळे मिळून वीस-बावीस दिवस होतात, आणि G कोणत्या दिवशी तळाला जातो ते बघून पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

एक मर्यादा तुम्हाला माहीत असावी. हे सगळं ब्रोकरने दाखवलेल्या खात्यांपुरतं आहे. न दाखवलेलं खातं यात सापडत नाही. कार्वी स्टॉक ब्रोकिंगच्या प्रकरणात सेबीने 22 नोव्हेंबर 2019 रोजी अंतरिम आदेश काढला तेव्हा ग्राहकांचे शेअर तारण ठेवलेलं एक डिमॅट खातं एक्स्चेंजला दिलेल्या माहितीत दाखवलंच नव्हतं, असं समोर आलं होतं. त्यामुळे खात्यांची यादी ब्रोकरकडून घेऊन तिथेच थांबू नका. ज्या ज्या बँकेशी फर्मचा व्यवहार दिसतो तिला फर्मच्या पॅनवरची सगळी खाती कळवायला सांगा, एक्स्चेंजला कळवलेली यादी पोर्टलवरून उतरवा, आणि तिन्ही याद्या शेजारी ठेवा. डिमॅट खात्यांसाठीही असंच करा. तालुक्याच्या गावांत अधिकृत प्रतिनिधी असतील तर त्यांचे आठ-दहा ग्राहक निवडून त्यांना थेट शिल्लक विचारा. ग्राहकाने प्रतिनिधीच्या हातात पैसे दिले आणि ते खात्यात आलेच नाहीत, तर लेजर, बँक आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन तिघंही एकमेकांशी तंतोतंत जुळतील. तो हिशेब फक्त ग्राहकाच्या तोंडून कळतो.

ग्राहकांना विचारण्याआधी आणखी एक सोपी तपासणी करून घ्या. ब्रोकर प्रत्येक ग्राहकाची शिल्लक एक्स्चेंजला कळवतो आणि त्यावरून एक्स्चेंज ग्राहकाला एसएमएस आणि ईमेल पाठवतं. ती पाठवलेली फाइल घ्या आणि त्याच तारखेच्या लेजरशी कोडनुसार लावा. आमच्या कामात त्या शुक्रवारी पाठवलेल्या फाइलमध्ये त्या काकांची शिल्लक जर्नलनंतरची होती, म्हणजे त्यांना आलेला आकडाही चुकीचाच होता. त्यांनी तो मेसेज जपून ठेवला होता. त्याचा स्क्रीनशॉट आमच्या कागदपत्रांतला सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

शेवटी शेरा कसा लिहायचा. "काही बाबतीत तफावत आढळली, मॅनेजमेंटने दुरुस्ती केली आहे" असं लिहू नका. आम्ही लिहिलं ते असं होतं: अमुक शुक्रवारी ब्रोकरच्या पत्रकानुसार G अधिक 30 लाख, आमच्या तपासणीनुसार वजा 2.15 कोटी. फरकाच्या तीन बाबी रकमेसह. ग्राहकांच्या नावे शिलकीपेक्षा जास्त असलेली तूट 55 लाख. प्रोप्रायटरी पे-इन कमी टाकल्याचे दोन दिवस, तारखेसह. जादा वाटपाचे एकतीस कोड, जोडपत्रात. मॅनेजमेंटने उत्तर दिलं की सगळी रक्कम ऑगस्टमध्ये भरली. ती कुठून भरली हे आम्ही विचारलं, कारण दुसऱ्या ग्राहकांच्या पैशांतून भरली असती तर भोक फक्त एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर गेलं असतं. संचालकांच्या बचत खात्यातून फर्मच्या खात्यात आणि तिथून ग्राहकांच्या खात्यात आल्याचे बँकेचे कागद त्यांनी दाखवले. मग सप्टेंबरमधले तीन बुधवार आम्ही निवडले आणि तिन्ही दिवसांचा G पुन्हा पहिल्यापासून, बाहेरच्या कागदांवरून मांडला. तिन्ही दिवस तो अधिक होता. ते तीन आकडेही आम्ही मॅनेजमेंटच्या उत्तराखाली, तारखांसह, रिपोर्टमध्ये घातले आणि त्यानंतर सही केली.